‘बिल पास होतं’, पण करतं कोण? एका व्याख्यानाची स्विमलेन आकृती होताना

## पार्श्वभूमी

मी एका व्यवस्थापन महाविद्यालयात ऑपरेशन्स शिकवते. आमच्या अभ्यासक्रमात ‘खरेदी ते पेमेंट’ असा एक घटक आहे. कारखान्यात एखादी वस्तू लागते इथपासून पुरवठादाराच्या खात्यात पैसे जमा होतात इथपर्यंतचा सगळा प्रवास त्यात येतो. हा घटक फळ्यावर शिकवला की मुलांना इंडेंट म्हणजे मागणीपत्र, पीओ म्हणजे खरेदीची ऑर्डर, जीआरएन म्हणजे माल मिळाल्याची नोंद असे शब्द पाठ होतात. पण कुठला कागद कोणाच्या हातात आहे आणि तो पुढे कोणाला द्यायचा आहे, हे चित्र त्यांच्या डोळ्यांसमोर उभं राहत नाही.

म्हणून मी जवळच्या एमआयडीसीतल्या एका मशीनिंग कारखान्याच्या खरेदीप्रमुखांना व्याख्यानाला बोलावलं. वीस वर्षं याच कामात घालवलेला माणूस. सत्तर मिनिटं बोलले, एकही स्लाइड न दाखवता, आणि वर्ग एकदम शांत होता. त्यांच्या परवानगीने आम्ही ध्वनिमुद्रण केलं होतं. निघताना ते म्हणाले, “मॅडम, याचं काही चित्र वगैरे केलंत तर मलाही पाठवा. नवीन पोरं येतात स्टोअर्सला, त्यांना हेच सगळं परत परत सांगावं लागतं.”

तेव्हा ठरलं की या व्याख्यानाची स्विमलेन आकृती करायची. या आकृतीत कागदावर आडवे पट्टे आखतात आणि प्रत्येक पट्टा एका कर्त्याचा असतो. जे काम ज्याचं, ते त्याच्या पट्ट्यात चौकोन काढून लिहायचं. वेळ डावीकडून उजवीकडे सरकते. बाण एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेला की काम एका हातातून दुसऱ्या हातात गेलं असं समजायचं. साध्या फ्लोचार्टमध्ये ‘काय’ आणि ‘नंतर काय’ एवढंच कळतं, इथे ‘कोण’ हेही कळतं. माझ्याबरोबर दोन विद्यार्थी होते, एक मुलगा आणि एक मुलगी. दोघांचीही टिपणं वर्गात सगळ्यात नीट होती.

## अडचण

आधी आम्ही ध्वनिमुद्रण शब्दशः उतरवून काढलं. मग ज्या वाक्यात काही काम घडतं ते प्रत्येक वाक्य वेगळं केलं. अशा ४१ क्रिया निघाल्या. प्रत्येकीपुढे चार गोष्टी लिहायच्या असं ठरलं: क्रिया कोणती, करणारा कोण, कुठला कागद हलला, आणि ध्वनिमुद्रणात ती कितव्या मिनिटाला आली. मिनिट लिहिण्याचा फायदा पुढे फार झाला, कारण शंका आली की थेट त्या जागी जाऊन ऐकता येत होतं.

‘करणारा कोण’ हा रकाना भरायला घेतला आणि १५ ठिकाणी तो रिकामा राहिला.

| मिनिट | व्याख्यानातलं वाक्य | करणारा |
|---|---|---|
| १२ | “सुपरवायझर इंडेंट भरून देतो” | सुपरवायझर |
| ३१ | “मग माल चेक होतो” | ? |
| ४४ | “बिल अकाउंट्सला जातं” | ? |
| ५२ | “फरक असला तर ते बघितलं जातं” | ? |

दोष वक्त्यांचा नव्हता. मराठी अशीच बोलली जाते. माल उतरतो, बिल निघतं, मंजुरी येते, पेमेंट सुटतं. क्रिया स्वतःच घडल्यासारखी सांगण्याची आपल्या भाषेत मोठी सोय आहे आणि ऐकताना काही खटकतही नाही, कारण गोष्ट पुढे सरकत असते. पट्टा आखायला बसलं की मात्र अडतं. बिल स्वतःच्या पायांनी अकाउंट्सला जात नाही. कोणीतरी ते नेतं, आणि तो कोणीतरी कुठल्या पट्ट्यात उभा आहे हे लिहिल्याशिवाय चौकोन काढता येत नाही.

दुसरी गुंतागुंत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांची होती. वक्ते खरेदीप्रमुख असल्यामुळे “आम्ही तीन कोटेशन मागवतो” म्हणाले की ‘आम्ही’ म्हणजे खरेदी विभाग, हे उघड होतं. पण “आपण माल परत पाठवतो” यातला ‘आपण’ म्हणजे सगळी कंपनी, आणि कंपनीचा पट्टा नसतो. माझ्या विद्यार्थ्याने दोन्ही खरेदीच्या पट्ट्यात टाकले होते. व्याख्यानभर ‘आपण’ कुठे कुठे आलं ते आम्ही पुन्हा ऐकलं, तेव्हा लक्षात आलं की स्वतःच्या विभागाबाहेरच्या कामाबद्दल बोलताना वक्ते नकळत ‘आपण’वर जात होते. ही खूण दर वेळी बरोबर ठरली नाही, पण प्रश्न कुठे विचारायचे हे तिने दाखवलं.

आणखी एक गोष्ट क्रमाची. व्याख्यान गोष्टीच्या क्रमाने चालतं. पेमेंटपर्यंत पोचल्यावर त्यांना आठवलं, “हां, इन्स्पेक्शनचं सांगायचं राहिलं.” ते ५५ व्या मिनिटाला आलं, पण प्रक्रियेत त्याची जागा जीआरएनच्या जवळपास कुठेतरी होती. नेमकी आधी की नंतर, हे व्याख्यानातून स्पष्ट होत नव्हतं. तेव्हा आम्ही ‘आधी’ असं धरून चाललो. ते चुकीचं निघालं, त्याबद्दल पुढे लिहिते.

## कोणते पर्याय होते

पट्टे कशाचे आखायचे, यावर आमची सगळ्यात जास्त चर्चा झाली. विद्यार्थ्याचं म्हणणं होतं की व्यक्तीप्रमाणे आखू, कारण व्याख्यानात वक्त्यांनी माणसांची नावं घेतली होती. विद्यार्थिनी म्हणाली विभागाप्रमाणे, म्हणजे माणूस बदलला तरी आकृती शिळी होत नाही. मला दोन्हींत अडचण दिसत होती. त्या कारखान्यात स्टोअर्सचा प्रमुखच माल मोजतो आणि जीआरएनही तोच भरतो, गेटवरचा माणूस जेवायला गेला तर गेट रजिस्टरही तोच लिहितो. व्यक्तीप्रमाणे पट्टा आखला तर ही तिन्ही कामं एका पट्ट्यात सरळ रेषेत येतात आणि माल आला याची नोंद व माल मोजला याची नोंद एकाच हातची आहे, हे झाकलं जातं. विभागाप्रमाणे आखलं तर ‘खरेदी’ या एका पट्ट्यात खरेदी करणारा कर्मचारी आणि त्याचं काम मंजूर करणारा प्रमुख दोघंही बसतात आणि मंजुरीचा टप्पा दिसेनासा होतो.

शेवटी आम्ही भूमिकेप्रमाणे पट्टे घेतले. मागणी करणारा, स्टोअर्स, खरेदी, गेट, मालाची गुणवत्ता तपासणारा क्यूसी, अकाउंट्स आणि प्लांट हेड असे सात. खरेदी विभागात मंजुरीचा वेगळा टप्पा नव्हता, तो थेट प्लांट हेडकडे होता, म्हणून खरेदीचे दोन तुकडे करावे लागले नाहीत. एकाच माणसाकडे दोन भूमिका असतील तर दोन्ही पट्टे काढायचे आणि खाली बारीक टीप द्यायची, असं ठरलं.

पुरवठादाराचा प्रश्न वेगळा होता. पहिल्या कच्च्या आकृतीत तो आठवा पट्टा होता आणि त्यात आम्ही उत्साहाने ‘ऑर्डर स्वीकारणे’, ‘उत्पादन’, ‘पॅकिंग’ असे चौकोनही भरले होते. व्याख्यानात यातलं काहीही नव्हतं, ते आम्ही कल्पनेने लिहिलं. प्रक्रिया-आकृत्यांसाठी बीपीएमएन नावाची प्रमाण चिन्हपद्धती आहे. तिची २.० ही आवृत्ती २०११ साली आली. तिच्यात याबद्दल नियम स्पष्ट आहे: बाहेरची संस्था म्हणजे स्वतंत्र चौकट. कामाचा सलग बाण एका चौकटीतून दुसऱ्या चौकटीत जाऊ शकत नाही. त्यांच्यामध्ये फक्त निरोप जातो आणि तो तुटक रेषेने दाखवतात. समोरच्याच्या आत काय चालतं हे माहीत नसेल तर त्याची चौकट रिकामी ठेवायची. आम्ही तेच केलं. पुरवठादार वरती एका लांब रिकाम्या पट्टीत गेला आणि त्याच्याकडे पीओ, मालासोबत येणारं चलन, बिल, पैसे अशा तुटक रेषा तेवढ्या जोडल्या. यामुळे एक फरक लगेच दिसला. सलग बाण म्हणजे पुढचं काम करायला आपण आपल्या माणसाला सांगू शकतो. तुटक रेष म्हणजे आपण फक्त कळवू शकतो आणि वाट पाहू शकतो.

नववा पट्टा ‘सिस्टीम’ होता. वक्ते म्हणाले होते, “फरक असेल तर सिस्टीम बिल अडवते.” इथे मी फोन करून एकच प्रश्न विचारला: अडवते म्हणजे निर्णय घेते, की नुसतं सेव्ह होऊ देत नाही? उत्तर आलं, सेव्ह होऊ देत नाही. जीआरएनमधल्या स्वीकृत नगांपेक्षा बिलातले नग जास्त असले तर नोंद पुढे जात नाही, पुढचं सगळं माणसाने करायचं. म्हणजे सॉफ्टवेअर हे अकाउंट्सच्या हातातलं साधन होतं, कर्ता नव्हता. त्याचा पट्टा आम्ही काढून टाकला. सॉफ्टवेअर माणसाच्या हस्तक्षेपाशिवाय एखादं काम पूर्ण करून पुढच्याकडे पाठवत असतं, तर पट्टा ठेवला असता.

## प्रत्यक्ष काय केलं

मोठ्या कार्डशीटवर पट्टे आखले आणि प्रत्येक क्रियेची एक चिकटचिठ्ठी केली. चिठ्ठीवर वाक्य असं लिहायचं की सुरुवातीला वस्तू आणि शेवटी क्रियापद: ‘चलन व पीओ ताडणे’, ‘नग मोजणे’, ‘जीआरएन भरणे’. ‘तपासणी’ असं नुसतं नाम लिहिलं की काम आणि विभाग यांच्यात घोळ होतो, हे पहिल्याच दिवशी समजलं. कर्ता माहीत नसलेल्या पंधरा चिठ्ठ्या लाल कागदाच्या केल्या आणि त्या पट्ट्यांच्या बाहेर, तळाशी लावल्या. अंदाजाने कुठल्याही पट्ट्यात सरकवायच्या नाहीत, हा नियम आम्ही कडक पाळला.

पंधरापैकी सात चिठ्ठ्या मागचीपुढची वाक्यं पुन्हा ऐकून सुटल्या. पाच फोनवर सुटल्या. तीन तशाच राहिल्या: बिल अकाउंट्सकडे कोण नेतं, फरक पडला तर कोण बघतं, आणि नाकारलेला माल परत कोण पाठवतं.

मंजुरीच्या जागी एक चूक झाली होती, ती सांगण्यासारखी आहे. विद्यार्थिनीने खरेदीच्या पट्ट्यात ‘मंजुरी मिळाली का?’ असा प्रश्नाचा हिरा काढला होता आणि त्यातून ‘हो’ व ‘नाही’ असे दोन बाण. आकृती बघून वाटत होतं की मंजुरी खरेदीच देते. हिऱ्याचं चिन्ह स्वतः काही ठरवत नाही, आधीच ठरलेल्या गोष्टीवरून वाट फोडतं. ठरवण्याचं काम हिऱ्याच्या आधीच्या चौकोनात असायला हवं आणि तो चौकोन ठरवणाऱ्याच्या पट्ट्यात. तिथे ५०,००० रुपयांच्या वरची खरेदी प्लांट हेडकडे जाते. म्हणून त्यांच्या पट्ट्यात ‘तुलना तक्ता पाहून निर्णय देणे’ असा चौकोन आला आणि हिरा त्याच्या लगेच पुढे, त्याच पट्ट्यात. मग आम्ही प्रत्येक हिऱ्यापाशी थांबून विचारलं, याच्या आधी ठरवणारं काम कुठे आहे? दोन ठिकाणी ते नव्हतंच.

व्याख्यानातल्या किश्श्यांचं काय करायचं, हाही प्रश्न होता. वक्त्यांनी सांगितलेला मुख्य मार्ग म्हणजे सगळं सुरळीत झालं तर काय होतं, आणि बिघाडाच्या वाटा सगळ्या किश्श्यांमध्ये होत्या. “एकदा पीओ नसताना ट्रक आला, वॉचमनने परत पाठवला, आणि दुसऱ्या दिवशी लाइन बंद पडली,” असा एक. हसून ऐकलेला किस्सा खरं तर गेटच्या पट्ट्यातली एक फांदी होती. पण सगळे किस्से फांद्या म्हणून काढले तर आकृतीचं जाळं होतं. म्हणून प्रत्येकाबद्दल खरेदीप्रमुख साहेबांना विचारलं, गेल्या तीन महिन्यांत हे किती वेळा झालं? ‘एकदाही नाही’ असं उत्तर आलं त्यांना टीपेत टाकलं, ‘होतं अधूनमधून’ त्यांना फांदी केलं. पीओशिवाय आलेला माल फांदी झाला. पावसात भिजलेल्या चलनाचा किस्सा टीपेत गेला.

### एक फाइल घेऊन चालून पाहणं

आकृती जवळजवळ तयार झाल्यावर मी साहेबांना पाठवली आणि ‘बरोबर आहे का?’ असं विचारलं. “छान झालीय” असं उत्तर आलं. त्यातून काहीच कळलं नाही. मग आम्ही तिघं कारखान्यात गेलो आणि पूर्ण झालेली एक जुनी फाइल मागितली, आकडे वापरण्याची परवानगी घेऊन. कांस्याच्या बुशांची ऑर्डर होती: २०० नग, दर ३४० रुपये, म्हणजे करापूर्वी ६८,००० रुपये. आकृती टेबलावर पसरली आणि फाइलमधला एकेक कागद त्यावरून चालवत नेला. हा कागद कोणी लिहिला, सही कोणाची, तारीख कुठली, मग कोणाकडे गेला.

इंडेंट, तीन कोटेशन, तुलना तक्ता, प्लांट हेडची सही, पीओ इथपर्यंत आकृती आणि फाइल जुळली. गेटपासून फाटली.

पहिला फरक बिलाचा. आमच्या आकृतीत पुरवठादाराकडून बिल सरळ अकाउंट्सकडे येत होतं. प्रत्यक्षात ते ड्रायव्हरच्या पाकिटातून गेटवर येतं. जीएसटीच्या नियमाप्रमाणे मालाच्या बिलाच्या तीन प्रती असतात: मूळ प्रत खरेदीदाराची, दुसरी वाहतूकदाराची, तिसरी पुरवठादाराची. मूळ प्रत चलनासोबत टाचून गेटवाला स्टोअर्सला देतो. स्टोअर्स ती जीआरएनला टाचून खरेदीला देतं. खरेदी दरावर टिक करून अकाउंट्सला देते. ‘बिल अकाउंट्सला जातं’ या तीन शब्दांत तीन हस्तांतरं होती, आणि फाइलवरच्या तारखांनुसार मूळ प्रत अकाउंट्सला पोचायला माल आल्यापासून अकरा दिवस लागले होते. पहिली लाल चिठ्ठी सुटली, पण एका चौकोनाच्या जागी चार चौकोन आले.

दुसरा फरक तपासणीचा. क्यूसीचे इन्स्पेक्टर स्वतःचा पट्टा पाहून म्हणाले, “मॅडम, हे उलटं आहे. माझ्याकडे माल येतो तेव्हा जीआरएन झालेला असतो.” स्टोअर्स आधी आलेल्या नगांचा जीआरएन भरतं. मग क्यूसी त्याच कागदावर स्वीकृत आणि नाकारलेले असे दोन रकाने भरतं. खरेदीप्रमुखांनाही हे ऐकून आश्चर्य वाटलं. त्यांच्या डोक्यात होती ती लिखित पद्धत, इथे चालत होती ती रोजची. या फाइलमध्ये आलेले नग २००, नाकारलेले १२ आणि स्वीकृत १८८ होते.

तिसरा फरक तिथूनच निघाला. बिल २०० नगांचं, ६८,००० रुपयांचं. स्वीकृत १८८ नगांचे होतात ६३,९२० रुपये. पीओ, जीआरएन आणि बिल हे तीन कागद ताडताना ४,०८० रुपयांचा फरक आला आणि नोंद अडली. इथे आम्ही दुसरी लाल चिठ्ठी काढून विचारलं, आता पुरवठादाराला कोण सांगतं? खरेदीप्रमुख म्हणाले, “अकाउंट्स बघतं.” अकाउंट्सच्या ताई म्हणाल्या, “आम्ही फाइल बाजूला ठेवतो, खरेदीने बघायचं असतं.” दोघंही प्रामाणिकपणे सांगत होते. दोघांनाही खरोखर तसंच वाटत होतं. फाइल १७ दिवस ताईंच्या टेबलावर होती आणि पुरवठादाराने स्वतः फोन केल्यावर हलली.

त्या टेबलाभोवती दोन मिनिटं कोणीच बोललं नाही. माझी विद्यार्थिनी हळूच म्हणाली, “मॅडम, चिठ्ठी खालीच राहू दे का?”

हा फरक नुसता उशिराचा नव्हता. पुरवठादार लघुउद्योग म्हणून नोंदलेला होता. २००६ च्या एमएसएमई विकास कायद्यानुसार अशा पुरवठादाराला लेखी करार असला तरी माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. आणि माल पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर पोचल्याच्या दिवशीच तो स्वीकारला असं धरून मुदत मोजतात. मुदतीचं घड्याळ गेट-स्टोअर्सच्या पट्ट्यात सुरू होतं, आणि वेळ खाल्ला जातो अकाउंट्सच्या पट्ट्यात. लेखी हरकत घेणारा चौकोन मात्र कुठल्याच पट्ट्यात नव्हता. १२ बुश नाकारले हे पुरवठादाराला पंधरा दिवसांत कोणी लिहून कळवलंच नव्हतं. क्यूसीला वाटलं जीआरएनवर लिहिलं म्हणजे झालं. पण जीआरएन कंपनीतच राहतो, त्याची तुटक रेष बाहेर जात नव्हती.

## दोन आकृत्या की एक

परत आल्यावर एक अवघड निर्णय होता. आमचं मूळ काम व्याख्यानाची आकृती करण्याचं होतं. आता व्याख्यान आणि वास्तव वेगळं निघालं. व्याख्यानाप्रमाणे ठेवली तर मुलं चुकीचा क्रम शिकतील. वास्तवाप्रमाणे बदलली तर तिला व्याख्यानाची आकृती म्हणता येणार नाही, आणि वर्गात ऐकलेल्याशी तिचा मेळ बसणार नाही. विद्यार्थ्याने सुचवलं की दोन्हींची सरमिसळ करून ‘योग्य’ आकृती करू. ते मी नाकारलं. तसं केलं असतं तर ती कोणाचीच नसती, तपासणी आधी हवी की नंतर हे आम्ही परस्पर ठरवल्यासारखं झालं असतं.

आम्ही दोन ठेवल्या. एकीवर ‘व्याख्यानात सांगितल्याप्रमाणे’ आणि दुसरीवर ‘फाइल चालवून पाहिल्याप्रमाणे’ असं मथळ्यातच लिहिलं, तारखेसह. फरक पडलेले चौकोन दुसरीत राखाडी केले. ड्रॉ डॉट आयओवर पक्क्या काढताना पट्ट्यांचा क्रमही बदलला. गेट, स्टोअर्स आणि क्यूसी एकमेकांना लागून ठेवले, कारण त्यांच्यात बाणांची ये-जा सगळ्यात जास्त होती. पहिल्या मांडणीत बाण मधल्या पट्ट्यांवरून उड्या मारत जात होते आणि वाचणाऱ्याला वाटायचं की मधल्या माणसाचाही यात काहीतरी हात आहे.

## काय निष्पन्न झालं

खरेदीप्रमुखांनी दुसरी आकृती घेतली आणि दुसऱ्या लाल चिठ्ठीचा निर्णय त्याच आठवड्यात केला. ताडणीत फरक आला की अकाउंट्स फरकाची चिठ्ठी लावून फाइल त्याच दिवशी खरेदीकडे परत पाठवेल, आणि ज्या कर्मचाऱ्याने पीओ काढला तोच पुरवठादाराला लेखी कळवून बिलाची रक्कम कमी करणारी क्रेडिट नोट मागेल. जीएसटीत बिलावरचा कर कमी करायचा तर क्रेडिट नोट पुरवठादारालाच काढावी लागते, म्हणून आकृतीत तिथे तुटक रेष, वाट पाहण्याचं चिन्ह आणि शेजारी घड्याळ आलं. तपासणीत माल नाकारला की क्यूसी नकारपत्राची प्रत खरेदीला देईल आणि खरेदी ती बाहेर पाठवेल, असा चौकोनही जोडला. क्यूसीने थेट पाठवावी असं आधी वाटलं होतं, पण पुरवठादाराशी बोलणारा पट्टा एकच असावा असा साहेबांचा आग्रह होता आणि तो मला पटला.

वर्गात पुढच्या तुकडीला मी दोन्ही आकृत्या शेजारी लावून शिकवल्या. परीक्षेत ‘टप्पे लिहा’ हा प्रश्न काढून टाकला आणि त्याऐवजी विचारलं: २०० पैकी १२ नग नाकारले, बिल २०० चं आलं, आता फाइल कोणाच्या हातात आहे आणि त्याने पुढे काय करायचं? पूर्वी याला ‘बिल थांबवलं जातं’ असं उत्तर यायचं. या वेळी बहुतेकांनी वाक्याला कर्ता दिला. काहींनी चुकीचा दिला, पण चुकीचा कर्ता खोडून बरोबर करता येतो.

## आता वेगळं काय करेन

पक्की आकृती आम्ही फार लवकर काढली. फाइल चालवायच्या आधीच सॉफ्टवेअरवर सुबक मांडणी केली आणि त्यात दहा दिवस गेले. सुबक आकृती समोरच्याला पाठवली की तो ‘छान’ म्हणतो, कारण एवढ्या कष्टाने केलेल्या गोष्टीत चूक काढणं त्याला बरं वाटत नाही. चिठ्ठ्यांची कार्डशीट घेऊन गेलो असतो तर साहेबांनी स्वतःच्या हाताने चिठ्ठी उचलून दुसरीकडे लावली असती. क्यूसीचे इन्स्पेक्टर नेमकं तेच करायला पुढे सरकले होते, पण कागद छापील होता.

व्याख्यानाच्या वेळीच प्रश्न विचारायला हवे होते. आता मी वर्गातल्या दोन मुलांना एकच काम देते: कर्ता नसलेलं वाक्य ऐकू आलं की वहीत मिनिट लिहून ठेवायचं आणि शेवटच्या दहा मिनिटांत फक्त तेवढेच प्रश्न विचारायचे. ‘हे कोण करतं?’ असं विचारलं की विभागाचं नाव मिळतं. ‘काल हे कोणी केलं?’ असं विचारलं की माणूस आठवतो, आणि मग त्याची भूमिका विचारता येते. दुसरा प्रश्न जास्त कामाचा ठरला.

आणि एकाच माणसाकडून सगळी प्रक्रिया ऐकायला नको होती, निदान तपासून पाहताना तरी. खरेदीप्रमुखांच्या तोंडून खरेदीचा पट्टा अचूक आला होता, त्यातली एकही चिठ्ठी हलली नाही. पट्टा त्यांच्या टेबलापासून जितका दूर, तितक्या चुका जास्त. अकाउंट्सच्या ताईंना आधी दहा मिनिटं भेटले असते तर तो १७ दिवसांचा मुक्काम पहिल्याच आठवड्यात कळला असता.

तिसरी लाल चिठ्ठी अजून सुटलेली नाही. प्रत्येक बाण शेवटच्या जाड वर्तुळाशी पोचलाच पाहिजे, ही आकृती तपासण्याची आमची शेवटची पायरी होती. पैशांचा बाण पोचला, कागदांचा पोचला. नाकारलेले १२ बुश मात्र स्टोअर्समागच्या लाल रंगाच्या रॅकपाशी थांबतात. पुरवठादाराने न्यायचे, की स्टोअर्सने पाठवायचे, आणि भाडं कोणाचं, यावर तिघांची तीन उत्तरं आली. आम्ही तिथे वर्तुळ काढलं नाही. बाण उघडाच ठेवला आहे आणि टोकाशी लाल चिठ्ठी आहे.